आकड्यातलं पाणी

रक्ताच्या रिपोर्टवर हिमॅटोक्रिटचा आकडा दिसला, की आजही मी आधी रुग्णाची जीभ बघते. ओली आहे की कोरडी? मग विचारते, काल दिवसभरात किती पाणी प्यायलात, लघवीला किती वेळा गेलात, सलाइन लावलं होतं का. आकड्याकडे वळते ती त्यानंतर. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना ही माझी सवय वाटते. खरं तर ते एका माणसाचं देणं आहे. पस्तीसहून अधिक वर्षं मी ते फेडते आहे आणि ते फिटत नाही.

इंटर्नशिपचे सहा महिने मी कृष्णाकाठच्या एका ग्रामीण रुग्णालयात काढले. भोवती उसाचा पट्टा. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत फडाशेजारी पालं टाकून राहायच्या. रुग्णालयाची प्रयोगशाळा म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक अरुंद खोली होती. तिथे एक सूक्ष्मदर्शक, एक जुनं सेंट्रिफ्यूज, लाकडी घोडीत उभ्या केलेल्या काचेच्या नळ्या आणि अण्णा. नाव वेगळं होतं, पण शिपायापासून वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. त्यांचं शिक्षण प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेपर्यंतचं. माझ्या नावामागे नुकतीच डॉक्टर ही पदवी लागली होती आणि त्या पदवीचा मला भार नव्हे, आधार वाटत होता.

अण्णा हिमॅटोक्रिट विंट्रोब नळीत करायचे. मॅक्सवेल विंट्रोब या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ साली ही नळी वापरात आणली. काचेची, अरुंद, १०० मिलिमीटरच्या खुणा असलेली. गोठू न दिलेलं रक्त तिच्यात लांब पिपेटनं तळापासून वर भरायचं, मध्ये बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगानं अर्धा तास फिरवायचं. तांबड्या पेशी जड म्हणून तळाशी घट्ट बसतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा आणि प्लेटलेटांचा करडा पातळ थर येतो आणि वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. तांबडा स्तंभ ३८ खुणेपर्यंत आला, तर हिमॅटोक्रिट ३८ टक्के. वॉर्डात आम्ही त्याला पीसीव्ही म्हणायचो. शंभर भाग रक्तात तांबड्या पेशींचे भाग किती, एवढंच तो सांगतो. परीक्षेत हे मी अचूक लिहिलं होतं. पण ‘शंभर भागांत’ या शब्दांत केवढा खड्डा आहे, ते मला ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी बैलगाडीतून एक बाई आली. वय तिशीच्या आतलं, वजन ४५ किलो. टोळीनं कालव्याचं पाणी प्यायलं होतं. पहाटेपासून तिला जुलाब आणि उलट्या होत होत्या. डोळे खोल गेलेले, जीभ चामड्यासारखी, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. मनगटाची नाडी लागता लागत नव्हती. तिचा नवरा पायाशी बसला होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती पडली म्हणजे कोयता थांबला आणि मुकादमाची उचल अंगावर राहिली.

सलाइन लावण्याआधी मी रक्त काढलं, ते बरं झालं. मग ठरलेल्या हिशेबानं रिंगर लॅक्टेट सुरू केलं. किलोमागे १०० मिलिलिटर, म्हणजे तिला साडेचार लिटर. त्यातलं किलोमागे ३० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेलं अडीच तासांत. तिसऱ्या बाटलीनंतर नाडी हाताला लागली. रात्री दहाच्या सुमाराला तिनं पाणी मागितलं. मग लघवी झाली. जुलाबही ओसरले. ‘सलाइन चालू ठेवा’ असं केसपेपरवर लिहून मी झोपायला गेले. किती आणि कधी थांबवायचं, ते लिहिलं नाही. ती चूक माझी. सिस्टरांनी सूचनेप्रमाणे रात्रभर बाटलीमागून बाटली लावली.

सकाळी वैद्यकीय अधिकारी रजेवर होते. माझ्यासमोर दोन रिपोर्ट आले. संध्याकाळचा पीसीव्ही ३८. सकाळचा २४.

माझ्या पोटात गोळा आला. एका रात्रीत १४ टक्के! रक्त कुठेतरी आत वाहतंय, नाहीतर हाडातल्या मज्जेनं रक्त बनवणंच थांबवलंय, यापलीकडे मला काही सुचेना. मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक रक्ताच्या दोन बाटल्यांसाठी. शहरातल्या रक्तपेढीतून त्या आणायच्या होत्या. दुसरी, बाईला अस्थिमज्जेच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात हलवण्याची. नवऱ्याला समजावून सांगितलं. त्यानं एकच विचारलं, “गाडीभाडं किती पडंल, बाई?” आणि तो मुकादमाला गाठायला निघाला.

तो फाटकापर्यंत पोचला नसेल, तेवढ्यात अण्णा वॉर्डाच्या दारात आले. म्हणाले, “डॉक्टर, चिठ्ठी पाठवायच्या आधी पाच मिनिटं खोलीत येता का? नळ्या बघा की डोळ्यांनी.”

दोन्ही नळ्या घोडीत शेजारी-शेजारी उभ्या होत्या. अण्णांनी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या. त्यांनी आधी विचारलं, “सकाळचं रक्त कुठल्या हाताचं?” सलाइनच्या हाताचं नव्हतं, ते मी स्वतः पाहिलं होतं. सलाइनच्या सुईच्या वरच्या अंगाला रक्त काढलं, तर नळीत निम्मं सलाइनच येतं. ती शंका मिटल्यावर त्यांनी पहिल्या नळीतल्या प्लाझ्माकडे बोट केलं. तो गडद होता, काकवीच्या जातीचा. दुसरीतला फिका, पाणचट. “तांबडं कमी झालंय असं तुम्ही म्हणता. मला पिवळं वाढलेलं दिसतंय.”

मग पाठकोऱ्या कागदावर त्यांनी हिशेब मांडला. तो मी आजही तसाच मांडते. ४५ किलोच्या बाईच्या अंगात साधारण तीन लिटर रक्त. समजा त्यात तांबड्या पेशी ८०० मिलिलिटर आणि प्लाझ्मा २२०० मिलिलिटर. म्हणजे तिचा नेहमीचा पीसीव्ही २७ च्या आत-बाहेर. जुलाबात पेशी जात नाहीत, खारं पाणी जातं. प्लाझ्मा आटून १३०० वर आला. पेशी तेवढ्याच, ८००. आता एकूण रक्त २१००, आणि ८०० म्हणजे त्याचे ३८ टक्के. रात्रभर आपण पाणी भरलं. प्लाझ्मा नुसता पूर्ववत झाला नाही, वर चढून २५०० झाला. एकूण रक्त ३३००. पेशी त्याच ८००. टक्के झाले २४.

“संध्याकाळी ८००, सकाळी ८००,” अण्णा म्हणाले. “गेलं काय?”

आमटी आटली की खारट होते आणि पाणी ओतलं की अळणी. मीठ मात्र घातलं तेवढंच असतं. हे स्वयंपाकघरात मला लहानपणापासून कळत होतं. दवाखान्यात कळलं नव्हतं.

तरी मी हट्टानं म्हटलं, “हे तुमचं ‘समजा’ झालं. पुरावा काय?” अण्णांना राग आला नाही. त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या.

पहिली, प्रथिनं. दोन्ही नमुन्यांतली प्रथिनं त्यांनी मोजून ठेवली होती. संध्याकाळी १०.८ ग्रॅम, सकाळी ५.६. निरोगी माणसाची सहा ते आठ ग्रॅमच्या दरम्यान असतात. भाकरी-चटणीवर राबणाऱ्या बाईच्या रक्तात पावणेअकरा कुठून येणार? पाणी आटून प्रथिनं दाटली होती आणि तांबड्या पेशीही तशाच दाटल्या होत्या. म्हणजे खोटा होता तो संध्याकाळचा ३८. मी त्यालाच खरा धरून सकाळचा आकडा त्यावर तोलत होते.

दुसरी, संध्याकाळचं स्मिअर. काचेवर पसरून रंगवलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली होतं. पेशी लहान, मधोमध फिक्या, काही पेन्सिलीसारख्या लांबट. लोहाच्या कमतरतेचं स्पष्ट चित्र. जुलाबात खारं पाणी गेलं, म्हणजे पाणी आणि मीठ जवळजवळ सारख्या प्रमाणात गेलं, की पेशींची गर्दी वाढते, पण एकेका पेशीचा आकार आणि रंग बदलत नाही. अशा फिक्या पेशी बनायला महिने जातात. “असल्या पेशींचा ३८ पीसीव्ही कधी बघितलाय?” अण्णांनी विचारलं. मी पाहिला नव्हता. खरं तर तो आकडा हाती आला, तेव्हाच मी थबकायला हवं होतं. तो ‘नॉर्मल’ होता म्हणून मी पुढे गेले. कोरड्या पडलेल्या माणसाचा नॉर्मल आकडा पंडुरोग झाकून ठेवतो, हे तेव्हा कळलं.

तिसरी गोष्ट मज्जेच्या वेगाची. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मज्जेनं काम पूर्ण बंद ठेवलं, तरी रोज १२० तला एकच भाग पेशी संपतील. ३८ चा पीसीव्ही दिवसाला एक तृतीयांश टक्क्यानं उतरेल. १४ टक्के उतरायला चाळीसहून अधिक दिवस लागतील. “मज्जा महिन्यांच्या हिशेबानं चालते,” ते म्हणाले, “पाणी घटकेच्या. एका रात्रीत हलला तो आकडा मज्जेचा नव्हे.”

राहिला रक्तस्राव. त्यावर मात्र अण्णा म्हणाले, “हे नळीत दिसणार नाही. बाईकडे जाऊन बघावं लागंल.” हे सांगण्यात त्यांचं मोठेपण होतं. आपल्या नळीला काय कळत नाही, तेही त्यांना ठाऊक होतं. रक्त वाहून गेलं, तर पेशी आणि प्लाझ्मा बरोबरच जातात. म्हणून पहिल्या काही तासांत पीसीव्ही जागचा हलत नाही. नंतर शरीर आपलं पाणी ओढून घेतं, आपण सलाइन देतो, आणि मग पेशी व प्रथिनं दोन्ही विरळ दिसतात. रक्त वाहिलेल्याची आणि नुसतं पाणी भरलेल्याची नळी अगदी सारखीच दिसू शकते. फरक दिसतो माणसात.

मी धावत वॉर्डात गेले. संध्याकाळी १३० च्या वर असलेली नाडी आता ८८ होती, आणि भरलेली. रक्तदाब सुधारलेला. हातपाय ऊबदार. शौच काळी नाही, पोट मऊ. आत रक्त वाहत असतं, तर पीसीव्ही उतरताना नाडी चढली असती. इथे पीसीव्ही उतरत असताना बाई सुधारत होती. पण दुसरंही काही दिसलं, जे सकाळच्या फेरीत मी आकड्याच्या भीतीनं पाहिलंच नव्हतं. पापण्या सुजल्या होत्या. स्टेथोस्कोप पाठीला लावला, तर फुप्फुसांच्या तळाशी बारीक करकर ऐकू येत होती. सलाइनची आणखी एक बाटली थेंबथेंब आत जातच होती.

ती मी बंद केली. माझा हात थरथरत होता. काठोकाठ भरलेल्या या अंगात मी आणखी दोन बाटल्या रक्त घालणार होते. तिचं फुप्फुस पाण्यानं भरलं असतं, आणि मी म्हटलं असतं की पंडुरोगानं गेली. चिठ्ठ्या फाडल्या. शिपायाला सायकलवरून नवऱ्यामागे पाठवलं. मुकादमाकडून नवी उचल घेण्याआधी तो सापडला.

त्या दुपारी अण्णांनी मला आणखी एक धडा दिला. मी सकाळपासून बाह्यरुग्ण विभागात उभी होते. त्यांनी माझं रक्त काढलं आणि म्हणाले, “आता तपासणीच्या टेबलावर अर्धा तास निजा.” मग पुन्हा काढलं. पहिली नळी ३९, दुसरी ३६. मी ना थेंबभर पाणी प्यायले होते, ना रक्त सांडलं होतं. उभं राहिल्यावर पायांतल्या केशवाहिन्यांवर भार येतो, त्यांतून थोडं पाणी बाहेर ऊतींत झिरपतं आणि रक्त दाटतं. आडवं झालं की ते परततं. “अर्ध्या तासात तुमच्या मज्जेनं काय केलं?” अण्णांनी विचारलं. मी म्हणाले, “काहीच नाही.” “मग आकडा का हलला?” त्यांना उत्तर नको होतं. मला ते सापडलेलं त्यांना दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी, साचलेलं पाणी लघवीवाटे निघून गेल्यावर, बाईचा पीसीव्ही २७ आला आणि चौथ्या दिवशीही २७. अण्णांच्या कागदावरचाच आकडा. आता पाणी जागेवर आलं होतं आणि पंडुरोग उघडा पडला होता. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी सापडली. जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या देऊन तिला सोडलं. आठवड्यानं पुन्हा येण्याचं वचन घेतलं.

ती खरंच आली. आठव्या दिवशी, फडावरून तशीच, डोक्याला फडकं बांधलेली. पीसीव्ही २८. मी थोडी हिरमुसले. अण्णांनी रक्ताच्या थेंबात निळा रंग मिसळला, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि स्वतः बाजूला झाले. निळ्या जाळीच्या पेशी ठिकठिकाणी दिसत होत्या. रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. सोडताना त्या शंभरात जेमतेम एक होत्या, आता सात. “ही मज्जा बोलतीय, पोरी,” अण्णा म्हणाले. मला ‘पोरी’ म्हणण्याची त्यांची ती पहिली वेळ. एका रात्रीत १४ टक्के हलले, तेव्हा मज्जेत काही घडलं नव्हतं. आठ दिवसांत एकच टक्का वाढला, तर त्यामागे मज्जा रात्रंदिवस राबत होती.

पुढे वाचनात आलं, की हे ऋण अण्णांच्याही मागे जातं. १८३१ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या संडरलंड गावात कॉलऱ्याची साथ होती. तिथे विल्यम ओ’शॉनेसी या बावीस वर्षांच्या डॉक्टरानं रोग्यांचं रक्त तपासून सांगितलं, की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत. तोवर त्या दाट, काळपट रक्ताकडे पाहून, ते अडलंय असं समजून डॉक्टर शीर कापून आणखी रक्त काढत असत. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ इथे थॉमस लाटा यांनी शिरेतून खारं पाणी देऊन मरणाच्या दारातली माणसं उठवली. दोन शतकांपूर्वी शिरा कापणारे ते डॉक्टर आणि दोन चिठ्ठ्या लिहिणारी मी, आमची चूक एकाच जातीची होती. पाण्याची गोष्ट आम्ही रक्ताची समजलो होतो.

अण्णांचं देणं एकदा उलट्या दिशेनं कामी आलं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात पन्नाशीचे एक ट्रकचालक माझ्याकडे पाठवले गेले. पीसीव्ही ५६. चिठ्ठीत मज्जेच्या विकाराची, पेशी बेसुमार वाढण्याची शंका होती, आणि दर आठवड्याला रक्त काढून टाकण्याचा सल्लाही. त्यांची जीभ कोरडी होती. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट प्रमाणात, प्लीहा हाताला लागत नव्हती. रक्तदाबासाठी ते लघवीची गोळी घेत होते आणि वाटेत थांबावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी टाळत होते. ती गोळी पाण्याबरोबर मीठही बाहेर काढते, म्हणून प्लाझ्मा चांगलाच आटतो. निव्वळ पाणी कमी पडलं असतं, तर पेशींच्या आतलंही पाणी ओढलं जाऊन त्याही आक्रसल्या असत्या आणि पीसीव्ही इतका वर गेला नसता. मी गोळी बदलली, पाण्याचं माप ठरवून दिलं. आठवड्यानं अर्धा तास निजवून पुन्हा रक्त घेतलं. ४७. तो ५६ वरच अडला असता, तर मज्जेचा शोध घ्यावाच लागला असता. पण आधीच रक्त काढलं असतं, तर प्लाझ्मा आटलेल्या त्या माणसाला स्टिअरिंगवर भोवळ आली असती.

अण्णा निवृत्त झाल्यावर मी त्यांना हे सगळं पत्रातून कळवायचं ठरवलं होतं. कळवलं नाही. आता ते नाहीत. म्हणून दरवर्षी नवी मुलं आली, की मी त्यांच्यातल्या एकाला सकाळभर उभं राहिल्यावर रक्त द्यायला सांगते, अर्धा तास निजवते आणि पुन्हा घेते. आता नळी फिरवावी लागत नाही, यंत्र मिनिटभरात आकडा देतं. पण यंत्राचा आकडाही शंभर भागांतलाच असतो. दोन कागद शेजारी ठेवून मी त्या मुलाला अण्णांचाच प्रश्न विचारते, “अर्ध्या तासात तुझ्या मज्जेनं काय केलं?” मुलगा एका कागदावरून दुसऱ्याकडे बघत राहतो. मी उत्तराची घाई करत नाही. अण्णांनीही केली नव्हती.